गळा कुणाचा, ते नंतर पाहू

दर २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगाकडे गर्दी निघते. आवारातल्या पिंपळाला हार घातले जातात, घोषणा होतात, पुढारी भाषणं ठोकतात. १८५८ साली याच दिवशी इथे बाबुराव शेडमाके यांना फाशी दिलं. ते मोलमपल्लीचे जमीनदार, म्हणजे आपल्या अहेरीच्याच मुलखातले. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीत तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. सप्टेंबरात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना पकडून दिलं. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन. पकडल्यापासून साधारण महिन्याभरात त्याने सगळं उरकलं. लक्ष्मीबाईंना बक्षिसात ६७ गावं मिळाली. अहेरीत या विषयावर अजूनही जरा आवाज खाली करून बोलतात, म्हणून मीही इथेच थांबतो.

मला बोलायचंय ते दुसऱ्या माणसाबद्दल, ज्याला कुणी हार घालत नाही. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव. बंड तेच, साल तेच, साथीदार तेच. पण बाबुराव सापडले आणि व्यंकटराव बस्तरात निसटले. बस्तरच्या राजाने त्यांना १८६० मध्ये इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हा त्यांना फाशी झाली नाही. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि मालमत्ता जप्त. दोन वर्षांत गुन्हा काही सौम्य झाला नव्हता. सौम्य झालं होतं ते सरकार. बंड विझलं होतं, राणीचा जाहीरनामा निघाला होता, दोरखंडाची घाई राहिली नव्हती. एकाच बंडातले दोन जमीनदार, एक पिंपळाला आणि एक जहाजावर. फरक किती, तर कोण कधी हाती लागला एवढाच.

‘ते परक्यांचं राज्य होतं हो,’ असं म्हणायची सोय आहे. म्हणून आपल्या राज्यातलं एक उदाहरण देतो. उत्तर प्रदेशात चार खून झाले. जीता सिंग, कश्मीरा सिंग आणि हरबन्स सिंग या तिघांचा भाग सारखाच धरला गेला, तिघांनाही फाशी. तिघांनी सर्वोच्च न्यायालयाचं दार वेगवेगळ्या वेळी ठोठावलं. जीताचा अर्ज फेटाळला. कश्मीराची फाशी दुसऱ्या खंडपीठाने जन्मठेपेवर आणली. हरबन्सचा अर्ज तिसऱ्यांनी फेटाळला, आणि कश्मीराचं काय झालं हे त्यांच्यापुढे कुणी ठेवलंच नाही. ६ ऑक्टोबर १९८१ ही जीता आणि हरबन्स दोघांची तारीख होती. हरबन्सने ऐनवेळी रिट केलं आणि वाचला. जीताने केलं नाही, तो त्या दिवशी गेला. पुढे १९८२ मध्ये न्यायालयाने हरबन्सची फाशी बदलावी अशी राष्ट्रपतींना शिफारस केली, जीताबद्दल हळहळ व्यक्त केली. हळहळीला अपील नसतं.

गंमत अशी, की हे सगळं घडत असताना देशात फाशीचा नवा कायदा लागू झालेला होता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हा नियम होता आणि न्यायाधीशाने ती दिली नाही तर ‘का दिली नाही’ याची कारणं लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट गेली. १९७३ च्या संहितेने गाडी पूर्ण उलटी वळवली : जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर ‘खास कारणं’ लिहा. शिवाय दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्या. आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही दोन कलमं ३९३ आणि २५८ या क्रमांकांनी जवळपास जशीच्या तशी आली आहेत. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हेही तसंच.

‘खास कारणं’ म्हणजे कोणती, याचं उत्तर मे १९८० मध्ये बचन सिंगच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक असं दिलं. तिथून ‘दुर्मिळातलं दुर्मिळ’ हा शब्द निघाला आणि बातमीदारांच्या तोंडी बसला. आता प्रत्येक भयंकर खुनाला लोक दुर्मिळातला दुर्मिळ म्हणतात. निकालात मात्र तसं नाही. निकाल म्हणतो की गुन्हाही पाहा आणि गुन्हेगारही पाहा. गुन्हा कितीही भीषण असो, त्याने अर्धंच काम होतं. उरलेल्या अर्ध्यात विचारायचं की हा माणूस कोण, वय किती, कुठल्या परिस्थितीत वाढला, तेव्हा मनाची अवस्था काय होती, तो पुन्हा असं करेल का, आणि तो सुधारण्यासारखा आहे का. यातला शेवटचा प्रश्न कळीचा. ‘सुधारणार नाही’ हे सरकारने पुराव्याने दाखवायचं आहे, ‘सुधारेन’ हे आरोपीने सिद्ध करायचं नाही. जन्मठेपेचा पर्याय पूर्णपणे बंद झाला असेल तरच फाशी. म्हणजे चाचणीला दोन पाय आहेत. एकावर उभं राहून ती देता येत नाही.

तरीही तीन वर्षांत एक पाय आखूड झाला. १९८३ मध्ये माच्छी सिंगच्या निकालात तीन न्यायमूर्तींनी पाच कसोट्या सांगितल्या : खून कसा केला, कशासाठी केला, समाजाला त्याचा किती धक्का बसला, किती जण मारले, मेलेला कोण होता. नीट वाचा. पाचही गुन्ह्याबद्दल आहेत, गुन्हेगाराबद्दल एकही नाही. त्या निकालातही सौम्य करणाऱ्या गोष्टींना पूर्ण वजन द्या असं लिहिलं आहे, पण ते वाक्य कुणी फारसं उचललं नाही. उचललं गेलं ते दुसरं, समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरली तर समाज न्यायाधीशाकडून फाशीची अपेक्षा करतो, हे. आता समाज म्हणजे कोण, हे विचारायची सोय नाही. १८५८ मध्ये चांद्याच्या कचेरीत जो समाज बसत होता त्याची बुद्धी चिंचगुंडीमुळे चांगलीच हादरली होती. त्याच चिंचगुंडीसाठी आजचा समाज पिंपळाला हार घालतो. दोन्ही वेळी बुद्धी सामूहिकच होती.

डिसेंबर १९९५ मध्ये रावजी नावाच्या राजस्थानातल्या आरोपीच्या अपिलात दोन न्यायमूर्तींनी उरलेला पायही काढून घेतला. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य महत्त्वाचं, गुन्हेगार नव्हे, असा त्या निकालाचा अर्थ. पाच न्यायमूर्तींनी घालून दिलेली चाचणी दोघांनी मोडली आणि पुढे तेरा वर्षं देशातली न्यायालयं या निकालाचा दाखला देत राहिली. रावजीला मे १९९६ मध्ये फाशी झाली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ, कारण या मोडक्या चाचणीचा कळस इथे झाला.

जून २००३. नाशिक जिल्ह्यात बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकामुलींवर अत्याचार झाले. दोघं जखमी होऊन वाचले, त्यातली एक घरातली बाई. ते वर्णन वाचून कुणाचंही रक्त उकळेल, उकळायलाच हवं. पोलिसांनी सहा जण धरले, सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिल २००९ रोजी जन्मठेपवाल्या तिघांनाही फाशी झाली. पुन्हा सहा. आरोपी कोण, कुठले, किती वयाचे, याची चौकशी रावजीच्या सावलीत राहिली. गुन्हाच इतका भयानक, की बाकी काही पाहायची गरज उरली नव्हती.

बरोबर तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच संतोषकुमार बरियारच्या खटल्यात सांगितलं, की रावजीचा निकाल बचन सिंगकडे दुर्लक्ष करून दिलेला आहे, तो बंधनकारक नाही, आणि त्याच्या आधारे दिलेल्या नंतरच्या फाशाही चुकीच्या पायावर आहेत. बरियारची फाशी रद्द झाली. नाशिकच्या सहा जणांची अपिलं दोन आठवडे उशिरा बोर्डावर आली असती तर? व्यंकटरावांना विचारा.

पुढचं आणखी ऐका. २०१२ मध्ये ठरलं, की सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. तीन न्यायालयांनी फाशी दिली, पण पोराचं वय काय हे कुणी नीट तपासलं नव्हतं. त्याच वर्षी चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की रावजीच्या चुकीमुळे फाशी झालेल्यांच्या शिक्षा बदला. मग सर्वोच्च न्यायालयाने फेरविचाराची दारं उघडली, अपिलं नव्याने ऐकली, आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. फाशीची जन्मठेप झाली नाही, शिक्षा कमीही झाली नाही. थेट निर्दोष.

कारण काय? वाचलेल्या त्या बाईने घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार जण ओळखले होते. ते चार जण या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा पोलिसांनी पाठपुरावा केला नाही, आणि हा कागद फाईलमध्ये पडून राहिला. न्यायालयाने तपास करणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशेब तुम्हीच करा.

काही वकील मित्र म्हणतात, हे तर पुराव्याचं प्रकरण, शिक्षेच्या तत्त्वांचा यात काय संबंध? मला संबंध दिसतो. शिक्षा ठरवताना फक्त गुन्ह्याकडेच पाहायचं ठरलं, की समोरचा माणूस कोण हे पाहायची गरजच उरत नाही. आणि मग तो तोच माणूस आहे का, हेही पाहायचं राहून जातं. गुन्हा जितका भीषण, तितका गळा कुठलाही चालतो. माणसाकडे पाहणारा न्यायाधीश निदान विचारतो की हा कोण, कुठून आला, याला इथे कुणी आणलं. अशा प्रश्नांतून कधीकधी फाईलमधला दडलेला कागद बाहेर येतो.

आता हे प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे शिक्षेवरची सुनावणी. ती प्रत्यक्षात कशी होते, हे कोर्टात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. सकाळी निकाल, ‘दोषी’. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेवर युक्तिवाद. आरोपीचा वकील, बहुधा कायदेविषयक मदतीतून नेमलेला, उभा राहतो. ‘साहेब, आरोपी तरुण आहे, गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी.’ सरकारी वकील उठतात : ‘गुन्हा दुर्मिळातला दुर्मिळ आहे.’ संध्याकाळच्या बातम्यांना मजकूर मिळतो. माणसाचं आख्खं आयुष्य तीन विशेषणांत बसवून झालं, की तराजू तयार.

२०२२ च्या मे महिन्यात मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे असं चालणार नाही म्हणून सांगितलं. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात सरकारने आरोपीची मानसिक तपासणी वेळीच करून घ्यावी. त्याचं घर, शिक्षण, कमाई, आधीचं वागणं याची माहिती परिवीक्षा अधिकाऱ्याकडून घ्यावी. तुरुंगातलं त्याचं वागणं, काम, शिकणं याचा अहवाल तुरुंगाकडून घ्यावा. आणि आरोपीच्या वकिलालाही स्वतःची माहिती गोळा करून मांडायला वेळ द्यावा. सरळ साध्या गोष्टी. बचन सिंगनंतर बेचाळीस वर्षं लागली त्या कागदावर उतरायला.

याचा परिणाम नागपूरने पाहिला. वसंता दुपारेच्या प्रकरणात २००८ मध्ये चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्या मुलीच्या आईबापांसमोर उभं राहून शिक्षेची तत्त्वं समजावण्याची माझी हिंमत नाही. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, मग २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय, सगळीकडे फाशी कायम. २०१७ मध्ये फेरविचार अर्ज फेटाळला, नंतर दयेचा अर्जही राष्ट्रपतींनी फेटाळला. सगळी दारं बंद. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींनी दोषसिद्धी तशीच ठेवून फक्त शिक्षा बाजूला काढली, आणि मनोजप्रमाणे अहवाल घेऊन शिक्षेवर नव्याने सुनावणी करायला सांगितलं. पुन्हा फाशीही होऊ शकते. मुद्दा तो नाही. सतरा वर्षांत या माणसाचं वजन एकदाही नीट केलेलं नव्हतं, आणि ते केल्याशिवाय काटा खाली सोडायचा नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. मुलीच्या घरच्यांना मात्र पुन्हा पहिल्यापासून वाट पाहणं आलं. २०१२ मध्ये सत्र न्यायालयानेच आठ दिवस जादा घेऊन हे अहवाल मागवले असते, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

सत्र न्यायाधीशाची अडचणही समजून घेतली पाहिजे. खुनाला त्याच्या हाती दोनच पर्याय आहेत, फाशी किंवा जन्मठेप. जन्मठेप कायद्याने मरेपर्यंत असली तरी चौदा वर्षांनंतर सरकार सूट देऊ शकतं, आणि लोकांना ‘चौदा वर्षांत सुटेल’ एवढंच ऐकू येतं. मधला पर्याय आहे : वीस, पंचवीस, तीस वर्षं सूट न देता कैद. पण तो फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांसाठी, असं २०१५ मध्ये घटनापीठाने ठरवलं. म्हणजे जिथे आरोपी, साक्षीदार, गाव सगळं डोळ्यांसमोर असतं त्या न्यायाधीशाला मधला मार्ग बंद, आणि दिल्लीत कागद वाचणाऱ्यांना खुला. मग खालच्या न्यायालयातून भीतीने फाशी सुटते आणि वर जाऊन बदलते. तोवर माणूस फाशी यार्डात दिवस मोजतो.

अहेरीला तर याची वेगळी आठवण आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये इथल्या बसस्थानकावर तिघांना पकडलं असं पोलिसांनी सांगितलं, आणि त्यातूनच प्राध्यापक साईबाबा यांचा खटला उभा राहिला. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप देताना म्हटलं, की ही शिक्षा पुरेशी नाही, पण कायद्याने हात बांधलेले आहेत. कलमात दोर नव्हता म्हणून हात बांधलेले राहिले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. बांधलेल्या हातांचे आभार मानायची पाळी क्वचित येते.

आणि मनोजमधले अहवाल आपल्या भागात लिहिणार कोण? आरोपी भामरागडकडचा माडिया असेल तर त्याच्या गावी जाणारा परिवीक्षा अधिकारी गडचिरोलीहून निघणार. त्याला माडिया येत नाही, गावाला मराठी जेमतेम. दुभाषा कोण, तर बहुधा जो सापडेल तो, कधी ज्याच्यावर गावाचा विश्वासच नाही असा. वयाचा पुरावा म्हणून आश्रमशाळेचा दाखला काढा, तर निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जून. गुरुजींनी एकदा ठरवली आणि सगळी पोरं एकाच दिवशी जन्मली. नाशिकच्या प्रकरणात वयाचा घोळ नऊ वर्षं चालला, इथे तर तो शाळेच्या रजिस्टरातच बांधून ठेवलाय. हाडांच्या तपासणीने वय ठरवायचं म्हटलं तर त्यात दोन वर्षं इकडे-तिकडे होतात, आणि अठराच्या उंबरठ्यावर दोन वर्षं म्हणजे दोर किंवा सुधारगृह.

शिक्षेची सुनावणी त्याच दिवशी घेतली तर चालतं की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच वेगवेगळ्या खंडपीठांची वेगवेगळी मतं आहेत. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये हा प्रश्न पाच न्यायमूर्तींकडे सोपवला गेला. तिथून उत्तर येईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. इकडच्या ज्या वकिलाच्या वाट्याला असा खटला येईल, त्याने निकालाच्या दिवशी ‘गरीब आहे, तरुण आहे’ म्हणायच्या आधी एक पानाचा अर्ज द्यावा : कलम २५८ खाली शिक्षेच्या सुनावणीसाठी वेगळी तारीख, मनोजच्या निकालाप्रमाणे तिन्ही अहवाल, माडिया किंवा गोंडी जाणणारा दुभाषा, आणि वयाबद्दल शंका असेल तर तिची चौकशी आधी. अर्ज फेटाळला तर फेटाळल्याचा आदेश लेखी मागावा. नागपूर खंडपीठात फाशी कायम करण्याची फाईल उघडेल, तेव्हा त्या आदेशाचं पान सगळ्यांत आधी वाचलं जाईल.